नवीन प्रकल्पात फ्लॅट घेण्याआधी: मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये फ्लॅट बघायला निघालेल्या लोकांकडून वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सातारा-कराडकडच्या वाचकांनाही बहुतेक उत्तरं लागू पडतील. मुंबई सोडली तर राज्यात जवळपास सगळीकडे डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आहे. लोक तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात.

बिल्डर म्हणतो, “सगळं सँक्शन आहे, सीसी हातात आहे.” म्हणजे नक्की काय मिळालंय?

बहुतेक वेळा याचा अर्थ प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी. मंजूर नकाशा आणि हे प्रमाणपत्र जोडीनं मिळतात. या नकाशाप्रमाणे आणि या अटींवर बांधायला हरकत नाही, एवढंच त्यातून कळतं. इमारत प्रत्यक्षात तशी उभी राहिली का, हे ते सांगत नाही. ते सांगणारा कागद शेवटी येतो, भोगवटा प्रमाणपत्र. त्याला बोलताना ‘ओसी’ म्हणतात, जुने लोक ‘वापर परवाना’ म्हणतात.

घोटाळा असा होतो की कम्प्लिशन सर्टिफिकेटलाही, म्हणजे पूर्णत्वाच्या प्रमाणपत्रालाही, काही जण ‘सीसी’च म्हणतात. ऐकणारा समजतो काम पूर्ण झालं, आणि दाखवणाऱ्यानं दिलेला असतो पाया खणायचा परवाना. म्हणून तोंडी काय सांगितलं ते सोडून द्या. कागद हातात घ्या आणि मथळा, तारीख व मजल्यांची संख्या वाचा. या तीन गोष्टी वाचायला इंजिनिअर लागत नाही.

मंजूर नकाशा हातात आला, पण त्यातलं काही कळत नाही. कुठून सुरुवात करू?

रेघांकडे आत्ता बघू नका. आधी नकाशावरचे तक्ते आणि शिक्क्याची बाजू वाचा. तिथे परवानगी क्रमांक, तारीख, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, भूखंडाचं क्षेत्र, समोरच्या रस्त्याची रुंदी, मजलेनिहाय क्षेत्र, फ्लॅटची संख्या आणि पार्किंगची मोजणी असते. हा सर्व्हे नंबर सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्डावरच्या नंबराशी जुळतो का, हे पहिलं काम.

मग आपला मजला शोधा. ब्रोशरमध्ये दिसतो तोच फ्लॅट, त्याच जागी, तेवढ्याच खोल्यांचा नकाशात आहे का? ब्रोशर हा जाहिरातीचा कागद आहे, मंजुरी नकाशाला असते. ब्रोशरमध्ये ‘स्टडी रूम’ म्हणून दाखवलेली जागा नकाशात उघडी गच्ची निघते, हे आमच्याकडे नवीन नाही. तळमजल्यावर पार्किंग दाखवलं असेल आणि जागेवर दुकानांची शटर लागत असतील, तर ओसीच्या वेळी भांडण ठरलेलंच आहे.

सांगलीत आणखी एक गोष्ट बघायलाच हवी, ती म्हणजे पूररेषा. त्या दोन असतात: नदीजवळची निळी आणि त्याहून मोठ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात राहती इमारत बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात सशर्त बांधता येते, आणि अट अशी की बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचावर हवं. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. परवानगीच्या अटींमध्ये ही पातळी लिहिलेली असते, ती वाचा आणि जागेवर जोत्याची उंची विचारा.

“पाचवा मजला रिवाइजमध्ये येतोय, काळजी करू नका.” करू की नको?

करा. हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे, म्हणून एक काल्पनिक पण रोजच्या अनुभवातलं प्रकरण आकड्यांसकट घेऊ.

कुपवाड रस्त्याच्या बाजूला ८२० चौरस मीटरचा भूखंड आहे, समोर ९ मीटरहून रुंद रस्ता. मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १.१०; त्याचे होतात ९०२ चौरस मीटर. जिना, लिफ्ट, बाल्कनी यांच्यासाठी निवासी इमारतीला त्यावर ६० टक्क्यांपर्यंत जास्तीचं क्षेत्र अधिमूल्य भरून मिळतं. दोन्ही मिळून साधारण १४४३ चौरस मीटर होतात. एका मजल्याचं क्षेत्र ३६० धरलं, तर चार मजल्यांना १४४० लागतात. म्हणजे खाली पार्किंग आणि वर चार मजले यात नेमके बसतात. बिल्डरनं तेवढ्याचीच मंजुरी घेतली आहे, प्रत्येक मजल्यावर चार याप्रमाणे सोळा फ्लॅट.

ब्रोशरमध्ये मात्र पाच मजले आहेत आणि तुम्हाला ५०२ दाखवला जातोय. पाचव्या मजल्याचे ३६० चौरस मीटर कुठून येणार? त्यातले २२५ प्रीमियम एफएसआय, म्हणजे पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय, किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरून आणलेला बांधकामाचा हक्क, घेऊन, आणि उरलेले १३५ त्यावरच्या ६० टक्क्यांतून. रस्ता ९ मीटरपेक्षा रुंद असल्यानं नियमात याला जागा आहे. म्हणजे बिल्डर खोटं बोलत नाही. पण हे सगळं होण्यासाठी त्याला पैसे भरावे लागतील, टीडीआर मिळवावा लागेल, सुधारित नकाशा दाखल करून मंजूर करून घ्यावा लागेल. ही मंजुरी येईपर्यंत ५०२ हा फ्लॅट कागदावर अस्तित्वातच नाही. तोवर स्लॅब पडला तरी तो विनापरवाना स्लॅब ठरतो.

इथे रस्त्याची रुंदी निर्णायक आहे. तोच भूखंड ९ मीटरपेक्षा अरुंद बोळात असता, तर प्रीमियम आणि टीडीआरची वाटच बंद होती, आणि ‘रिवाइज’ची गोष्ट ऐकून सरळ उठून यायचं होतं. जागेवर टेप लावून मोजलेली रुंदी आणि विकास आराखड्यातली रुंदी वेगळी असू शकते, म्हणून नकाशावर लिहिलेली रुंदी बघा.

मग ५०२ घ्यायचाच नाही का? आवडलाच असेल तर सुधारित प्रारंभ प्रमाणपत्रात पाचवा मजला येईपर्यंत थांबा. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही. फ्लॅट ४२ लाखांचा असेल तर ही मर्यादा ४ लाख २० हजार. माझं मत विचाराल तर, मजल्याला मंजुरी नसताना तेवढेही देऊ नयेत.

मी दुसऱ्या मजल्यावर घेतोय. वरच्या पाचव्या मजल्याशी माझा काय संबंध?

संबंध दोन ठिकाणी येतो. एक, तुम्ही करार केल्यावर बिल्डरला मंजूर नकाशात मोठा बदल करायचा असेल तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची आधी लेखी संमती लागते. या मोजणीत बिल्डरचे स्वतःचे फ्लॅट धरत नाहीत. तुमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये बदल असेल तर तुमची संमती हवी. म्हणून करारातलं एक वाक्य शोधून काढा: ‘भविष्यात नकाशात होणाऱ्या कोणत्याही बदलास खरेदीदाराची संमती आहे असे समजले जाईल.’ अशी सरसकट संमती आधीच देऊन ठेवू नका. वकिलाकडून ते वाक्य काढून घ्या, किंवा ‘पाचवा मजला, अमुक क्षेत्र’ इतकं नेमकं करून घ्या.

दुसरा संबंध ओसीशी. वर विनापरवाना मजला चढला की पूर्ण इमारतीची ओसी अडकते, आणि खालचे सोळा जण विनाकारण लटकतात.

परवानगी २०२१ ची आहे आणि काम आता चाललंय. जुनी झाली का?

परवानगीची मुदत एक वर्षाची असते. ती दरवर्षी वाढवता येते, पण वाढीची एकूण मर्यादा तीन वर्षं. तेवढ्यात काम जोत्यापर्यंतही आलं नसेल तर नवीन अर्ज करावा लागतो. जोतं वेळेत झालं असेल तर चिंता नाही. म्हणून जोते पूर्ण झाल्याच्या सूचनेची आणि तपासणीची प्रत मागा. जोतं नकाशाबाहेर सरकलं असेल तर ते तिथेच पकडलं जातं, नंतर फार उशीर होतो.

आर्किटेक्टचं कम्प्लिशन लेटर आलंय. तेच ओसी ना?

नाही. काम पूर्ण झालं की बिल्डरचा आर्किटेक्ट तसं प्रमाणित करतो, आणि ते जोडून महापालिकेकडे ओसीचा अर्ज जातो. रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, म्हणजे महारेराच्या संकेतस्थळावर ‘फॉर्म ४’ म्हणून दिसतो तोही आर्किटेक्टचाच कागद. ओसी मात्र नियोजन प्राधिकरण देतं. आपल्याकडे ते म्हणजे सांगली मिरज कुपवाड शहर महानगरपालिकेचा नगररचना विभाग, साताऱ्यात नगरपरिषद. त्यांचा माणूस जागेवर येतो, मंजूर नकाशा आणि बांधलेली इमारत ताडून बघतो, लागू असतील ते अग्निशमन वगैरे दाखले तपासतो आणि मग प्रमाणपत्र निघतं.

बिल्डर आपल्याच माणसाचं पत्र दाखवत असेल तर पुढचा प्रश्न एवढाच विचारा: ओसीच्या अर्जाची आवक तारीख काय, आणि महापालिकेनं काही त्रुटी काढल्यात का? तिथे उत्तर अडखळलं तर समजून जा.

अर्ज गेलाय, पण वर्ष झालं ओसी येत नाही. बहुधा कशामुळे अडतं?

साहेबांच्या टेबलावर फाइल पडून आहे, असं बिल्डर सांगतो. कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा कारण इमारतीतच दिसतं. बाजूचं सामासिक अंतर कमी भरतं, कारण कॉलम किंवा जिना बाहेर सरकलाय. पार्किंगमध्ये ऑफिस किंवा गोडाऊन काढलंय. गच्चीवर खोली चढली आहे. नकाशात गाड्यांसाठी दाखवलेली जागा बागेखाली गेली आहे. या गोष्टी तुम्हाला स्वतःला तपासता येतात. नकाशावर बाजूला जे अंतर लिहिलंय ते जागेवर टेपनं मोजा, कुंपणापासून भिंतीपर्यंत. ३ मीटर लिहिलंय आणि २.६० भरतंय, तर ओसी का येत नाही ते कळलं.

काही फरक दंड आणि अधिमूल्य भरून नियमित होतात, काही होत नाहीत. कोणत्या प्रकारचा फरक आहे हे नगररचनेच्या त्रुटीपत्रात लिहिलेलं असतं, म्हणून ते पत्र मागा. बिल्डर देत नसेल तर माहिती अधिकारात महापालिकेकडून मागता येतं. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

आमच्या विंगला ‘भाग भोगवटा’ मिळालाय. तो चालतो का?

चालतो, पण कशाला मिळालाय ते वाचा. त्यात मजले, विंग किंवा फ्लॅट क्रमांक स्पष्ट लिहिलेले असतात. वरच्या उदाहरणात १०१ ते ४०४ ला भाग भोगवटा मिळू शकतो आणि ५०२ बाहेर राहू शकतो. तुमचा नंबर त्यात असेल तर तुमच्या फ्लॅटपुरतं काम झालं. फक्त लिफ्ट, पाण्याची टाकी, सांडपाण्याची सोय, आपल्या वाटचं पार्किंग हे त्या टप्प्यात पूर्ण झालंय का हे बघून घ्या. पूर्ण ओसी येईपर्यंत बिल्डरला द्यायचा शेवटचा हप्ता राखून ठेवता आला तर उत्तम. तसं करारातच लिहून घ्यावं लागतं, नंतर कोणी ऐकत नाही.

“ओसी येईल महिन्यात, तोवर फर्निचरसाठी किल्ली घ्या.” घेऊ का?

दसरा-पाडव्याच्या सुमारास हा प्रश्न जास्त येतो. मुहूर्त असतो, भाड्याच्या घराचा करार संपत असतो, आणि बिल्डर उदारपणे किल्ली पुढे करतो. किल्लीबरोबर ताबापावतीवर सही मागतो आणि उरलेले पैसेही. त्या दिवसानंतर ओसीची घाई असणारा माणूस फक्त तुम्ही उरता.

कायदाही इथे स्पष्ट आहे. महाराष्ट्राचा १९६३ चा मालकी हक्क सदनिका कायदा म्हणतो की पूर्णत्वाच्या प्रमाणपत्राशिवाय ताबा देऊ नये, आणि घेणाऱ्यानं घेऊही नये. सर्वोच्च न्यायालयानं १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात असंच बजावलं, आणि वीज, पाणी, मलनिस्सारणाची जोडणी प्रमाणपत्र बघूनच द्यावी असं सांगितलं. ओसी आल्यावर मात्र दिरंगाई तुमच्याकडून नको. रेरा कायद्यात खरेदीदारानं ओसीपासून दोन महिन्यांत ताबा घ्यायचा आहे.

घरपट्टी लागली, लाइटचं मीटर आलं, बँकेनं कर्जही दिलं. मग अडचण कुठे?

घरपट्टी लावली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्येच ते म्हटलंय, आणि त्याच कलमाखाली अनधिकृत बांधकामाला घरपट्टीवर शास्ती लागते. पावती हातात धरून ओसी मागता येत नाही.

मीटरचंही तसंच. बिल्डरच्या बांधकाम जोडणीवरून किंवा तात्पुरत्या सोयीवर कित्येक इमारती वर्षानुवर्षं चालतात. बँकेचा वकील मुख्यतः मालकी तपासतो. मंजुरीचा कागद बघितला तरी बँक कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे सोडते, आणि ओसीपर्यंत पोहोचायच्या आत बहुतेक रक्कम गेलेली असते. त्याच २०२४ च्या निकालात बँकांनाही प्रमाणपत्राची खातरजमा करायला सांगितलंय. तरी बँक तिची सुरक्षा बघते, तुमची तुम्हालाच बघायची आहे.

बिल्डिंग छोटी आहे, आठच फ्लॅट. रेरा नोंदणी लागत नाही म्हणतात. मग?

बरोबर म्हणतात. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणी सक्तीची नाही. सांगली-साताऱ्यात अशा इमारती खूप आहेत. पण सूट नोंदणीतून आहे, मंजुरी आणि ओसीमधून नाही. उलट इथे महारेराच्या संकेतस्थळावर काहीच सापडणार नसल्यानं सगळे कागद तुम्हालाच नगररचना विभागातून पडताळायचे आहेत. अशा व्यवहारात मी तरी ओसी झालेल्याच इमारतीत फ्लॅट बघायला सांगतो.

प्रकल्प महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा आहे का?

सांगलीभोवतीच्या गावांत फ्लॅटच्या योजना झाल्या आहेत. तिथल्या बिगरशेती जमिनीवरच्या अशा मोठ्या योजनेची परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून, नगररचना शाखेच्या तपासणीनंतर निघते, आणि भोगवटाही त्याच यंत्रणेचा लागतो. ग्रामपंचायतीचा घर नोंदीचा उतारा कर आकारणीसाठी असतो, तो भोगवटा प्रमाणपत्राची जागा घेत नाही.

गुंठेवारीचा भूखंड असेल तर आणखी सावध व्हा. ‘गुंठेवारीत नियमित झालंय’ हे बहुधा भूखंडाबद्दल किंवा जुन्या घराबद्दल असतं. आता त्यावर उभ्या राहणाऱ्या चार मजली इमारतीला स्वतंत्र मंजुरी हवी.

ओसी झालेला फ्लॅट आणि बांधकाम चालू असलेला फ्लॅट, पैशात फरक पडतो का?

जीएसटीत पडतो. बांधकाम चालू असताना घेतलेल्या फ्लॅटवर ५ टक्के. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि आपल्यासारख्या शहरात कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का. आपल्या ४२ लाखांच्या, ६५ चौरस मीटरच्या फ्लॅटला म्हणजे ४२ हजार. पूर्णत्वाचं प्रमाणपत्र मिळाल्यानंतर बुकिंग केलं आणि त्याआधी एक रुपयाही दिला नसेल तर जीएसटी लागत नाही. रक्कम आधी घेऊन पावती नंतरच्या तारखेची देतो, असं कोणी म्हणालं तर त्या भानगडीत पडू नका.

दाखवलेला कागद खरा आहे का, हे कसं तपासू?

आधी maharera.maharashtra.gov.in वर प्रकल्प शोधा. तिथे चढवलेलं प्रारंभ प्रमाणपत्र आणि तुम्हाला दाखवलेलं, यांचे क्रमांक, तारीख आणि मजले जुळवा. जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की त्याच पानावर पोहोचता येतं. मग तोच परवानगी क्रमांक घेऊन नगररचना विभागात जा आणि प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. कायद्यानं बिल्डरनं मंजूर नकाशा साइटवर लावायचाच आहे. तो लावलेला नसेल तर तेवढ्यावरूनही बरंच कळतं.

आम्ही राहायला आलोय, दहा वर्षं झाली, ओसी नाही. आता काही करता येतं का?

येतं. ओसी मिळवणं ही बिल्डरची जबाबदारी आहे, आणि ती न पाळणं हा चालू राहणारा कसूर आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये मुंबईच्या एका सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं. ओसी नसल्यामुळे त्या सोसायटीला जास्त दरानं कर आणि पाणीपट्टी भरावी लागली होती, आणि त्याची भरपाई ग्राहक आयोगाकडे मागता येते असं न्यायालयानं धरलं. म्हणजे ‘आता मुदत गेली’ हे बिल्डरचं उत्तर टिकत नाही.

प्रत्यक्षात क्रम असा ठेवा. सोसायटीच्या ठरावानं नगररचनेकडून मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत आणि ओसीच्या अर्जावरची सगळी पत्रं काढा. परवानाधारक आर्किटेक्टकडून इमारत मोजून घ्या आणि फरक कुठे आहे त्याचा नकाशा करा. फरक नियमित होण्यासारखा असेल तर त्याचं शुल्क बिल्डरकडून मागणारी नोटीस द्या. बिल्डर गायब असेल तर सोसायटीलाही अर्ज करता येतो. जास्तीची घरपट्टी आणि पाणीपट्टी भरली असेल तर त्याच्या सगळ्या पावत्या वर्षवार लावून ठेवा, आयोगापुढे पहिल्यांदा त्याच मागतात.